परदेशात पासपोर्ट हरवला तर: इमर्जन्सी सर्टिफिकेट, वकिलात आणि परतीचा विमान प्रवास

परदेशात पासपोर्ट गेला की बहुतेकांना एवढंच माहीत असतं, की 'भारतीय वकिलातीत जायचं, ते एक कागद देतात, त्यावर घरी येता येतं.' हे खरं आहे, पण अर्धंच. तो कागद म्हणजे इमर्जन्सी सर्टिफिकेट, बोलताना सगळे ईसी म्हणतात. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात पासपोर्टखेरीज जी प्रवासाची कागदपत्रं सांगितली आहेत, त्यांत हे एक आहे, आणि त्याचं काम कायद्याने एकाच वाक्यात बांधून टाकलं आहे: धारकाला भारतात प्रवेश देणं. म्हणजे मुंबईच्या विमानतळावर तुम्हाला आत घेण्याची हमी भारत सरकार देतं. तुम्ही ज्या देशात अडकला आहात तिथून बाहेर पडू देणं मात्र त्या देशाच्या इमिग्रेशनच्या हातात असतं. ही दोन वेगवेगळी दारं आहेत आणि दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या ऑफिसांत मिळतात. लोक ईसी हातात पडली की निर्धास्त होतात, थेट विमानतळ गाठतात आणि नेमके तिथे अडकतात. म्हणून हा लेख.

देशागणिक तपशील बदलतो, म्हणून मी एकच देश घेते: थायलंड. आपल्याकडून तिथे जाणारे खूप, आणि दोन दारांचा हा प्रकार तिथे अगदी स्वच्छ दिसतो.

समजा, पुण्याचं एक कुटुंब आहे. नवरा, बायको, दहा वर्षांची मुलगी. शनिवारी संध्याकाळी पटायात, दोन बाकांच्या उघड्या टेम्पोसारख्या सॉन्गथेवमधून उतरल्यावर बाईंच्या लक्षात आलं की पर्स नाही. पर्समध्ये त्यांचा आणि मुलीचा पासपोर्ट, एक डेबिट कार्ड आणि थोडे बाथ. नवऱ्याचा पासपोर्ट त्याच्या कमरेच्या पट्ट्यात सुरक्षित. परतीचं विमान सोमवारी रात्री बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरून.

पहिली रात्र: पोलीस

पहिला तासभर शोधण्यात घालवायला हरकत नाही. हॉटेल, जिथे जेवलात ते ठिकाण, सॉन्गथेवचा थांबा. पण त्याच संध्याकाळी पोलिसांत जायचंच. वकिलातीला पोलीस रिपोर्ट लागतो, थाई इमिग्रेशनला लागतो, विमा कंपनीला लागतो, आणि भारतात परतल्यावर पासपोर्ट ऑफिसलाही लागतो. चारही ठिकाणी पहिला प्रश्न हाच असतो.

थायलंडमध्ये पर्यटकांसाठी वेगळे पोलीस आहेत. टुरिस्ट पोलिसांचा फोन ११५५. इंग्रजी बोलणारं माणूस मिळतं आणि कोणत्या ठाण्यात जायचं ते सांगतात. साध्या ठाण्यात गेलात तर थाई भाषेतली नोंद मिळते. तीही चालते, पण इंग्रजीत मिळत असेल तर आग्रहाने इंग्रजीत घ्या.

रिपोर्ट हातात आल्यावर घाई न करता टेबलापाशीच उभं राहून वाचा. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच हवं, आडनाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव त्याच क्रमात. पासपोर्ट क्रमांक हवा. आपल्या उदाहरणात दोन पासपोर्ट गेले आहेत, तर दोन्हींचे क्रमांक आणि मुलीचं नाव स्वतंत्रपणे लिहिलेलं हवं. 'आईचा पासपोर्ट व इतर सामान' असं लिहिलेलं असेल तर मुलीची ईसी अडेल. आणि चोरीची खात्री नसेल तर 'हरवला' असंच सांगा. विम्याचे पैसे मिळतील म्हणून 'चोरी' सांगितलेली माणसं पुढे वकिलातीत वेगळी हकिकत सांगतात, आणि मग दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचं: शिक्का मारलेल्या किमान दोन प्रती मागा. एक मूळ प्रत वकिलात ठेवून घेऊ शकते. दुसरी तुम्हाला पुण्यापर्यंत न्यायची आहे.

पासपोर्ट क्रमांक आठवत नाही, झेरॉक्सही नाही

हा प्रसंग फार जणांवर येतो, आणि इथेच माणसं खचतात. खचायचं कारण नाही. तुमचा पासपोर्ट क्रमांक तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त ठिकाणी पडलेला असतो.

पहिलं ठिकाण हॉटेल. थायलंडमध्ये परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत हॉटेलने इमिग्रेशनला कळवायचं असतं (त्या फॉर्मला टीएम-३० म्हणतात). त्यासाठी रिसेप्शनवर प्रत्येक पासपोर्टचा फोटो किंवा झेरॉक्स घेतलेली असते, मुलांचीसुद्धा. रिसेप्शनवर जाऊन फक्त मागा, ते प्रिंट काढून देतात. दुसरं ठिकाण तुमचा ईमेल: विमानाचं तिकीट, प्रवासविमा, आणि थायलंडसाठी १ मे २०२५ पासून ऑनलाइन भरावं लागणारं डिजिटल अरायव्हल कार्ड. त्या कार्डावर पासपोर्ट क्रमांक तर असतोच, शिवाय तुम्ही कोणत्या दिवशी, कोणत्या विमानाने आलात हेही असतं. इमिग्रेशनपुढे ते फार उपयोगी पडतं. तिसरं, तुमचा टूर एजंट. चौथं, जिथे सिमकार्ड घेतलं किंवा पैसे बदलले ते दुकान.

घरी कोणी असेल तर त्यांना फोन करून जुन्या पासपोर्टची झेरॉक्स, आधार कार्ड, मतदार ओळखपत्र आणि मुलीचा जन्मदाखला यांचे फोटो ईमेलवर मागवा. डिजिलॉकरवर विसंबून राहू नका. पर्ससोबत फोन गेला असेल किंवा भारतीय सिमवर रोमिंग नसेल तर ओटीपी येत नाही, आणि ओटीपीशिवाय डिजिलॉकर उघडत नाही.

थांबा: तुम्हाला ईसी हवी आहे की नवा पासपोर्ट?

वकिलातीचा फॉर्म उघडण्याआधी हे ठरवा, कारण इथे झालेली चूक महागात पडते. ईसी एकाच प्रवासासाठी असते, एकाच दिशेने, भारताकडे. तिच्यावर तिसऱ्या देशात फिरता येत नाही आणि त्याच देशात परतताही येत नाही.

आपल्या पुण्याच्या कुटुंबाला घरीच यायचं आहे, त्यामुळे ईसी हेच बरोबर. पण तुमचा मुलगा जर्मनीत शिकत असेल, किंवा तुम्ही बँकॉकमध्येच नोकरीला असाल, तर ईसीवर भारतात याल आणि मग नवा पासपोर्ट, नवा व्हिसा करत बसाल. अशांनी वकिलातीतच हरवलेल्या पासपोर्टच्या बदल्यात नव्या पासपोर्टचा अर्ज करायचा. त्याला जास्त दिवस लागतात, पण तिथला मुक्काम शाबूत राहतो. तसंच थायलंडनंतर व्हिएतनामला जायचा बेत असेल तर ईसीने तो बेत संपतो. तिकिटांचं नुकसान सोसायचं की नव्या पासपोर्टची वाट बघायची, याचा हिशेब वकिलातीत पोचायच्या आधी करून ठेवा.

रविवार: फॉर्म, फोटो, तिकीट

बँकॉकची भारतीय वकिलात शनिवार-रविवार बंद असते. शिवाय थाई सुट्ट्या आणि काही भारतीय सुट्ट्याही असतात, तेव्हा संकेतस्थळावर सुट्ट्यांची यादी बघून घ्या. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान हा थाई नववर्षाचा सण असतो, त्या दिवसांत पासपोर्ट गेला तर कामाला उशीर होणार हे धरून चाला. वकिलातीचा एक आपत्कालीन फोन मात्र सुट्टीतही चालू असतो. त्यावर ईसी मिळत नाही, पण सोमवारी किती वाजता यायचं, आधी ईमेल करायची का, फी रोख घेतात का, हे विचारून घेता येतं. तेवढ्याने अर्धा दिवस वाचतो.

परदेशातल्या भारतीय वकिलातींसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं ऑनलाइन पासपोर्ट पोर्टल आहे. त्याची लिंक गूगलवर शोधू नका, वकिलातीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. वकिलातीचा पत्ता gov.in ने संपतो आणि पोर्टलचा passportindia.gov.in ने. 'तातडीने ईसी काढून देतो' म्हणणाऱ्या खासगी साइट पैसेही घेतात आणि तुमची माहितीही.

पोर्टलवर खातं उघडायचं, देश आणि वकिलात निवडायची, सेवांमध्ये इमर्जन्सी सर्टिफिकेट निवडायचं. फॉर्म मोठा नाही. हरवलेल्या पासपोर्टचा क्रमांक, तो कधी आणि कुठून मिळाला, भारतातला पत्ता, भारतातल्या संपर्काचा फोन, हे हाताशी ठेवा. आई आणि मुलगी यांचे दोन वेगळे अर्ज. अल्पवयीन मुलाच्या अर्जावर आईवडील दोघांच्या सह्या लागतात. इथे दोघंही हजर आहेत, म्हणून सोपं आहे. एक पालक भारतात असेल तर त्याच्या सहीचं संमतिपत्र आणि त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स रविवारीच मागवून ठेवा.

फोटो प्रत्येकी चार काढा, वकिलातीच्या संकेतस्थळावर दिलेल्या मापाचे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. फोटो स्टुडिओत नुसतं 'पासपोर्ट साइझ' म्हणू नका. माप कागदावर लिहून दाखवा.

एका पानावर हकिकत लिहा. कधी, कुठे, कसं लक्षात आलं, पोलिसांत केव्हा गेलो. तारखा आणि वेळा पोलीस रिपोर्टशी जुळतील अशा. रडगाणं नको, दहा ओळी पुरेत.

आता तिकीट. सोमवारी रात्रीचं विमान गाठता येईल अशी आशा धरू नका. मी तर म्हणेन, रविवारीच विमान कंपनीला फोन करून तिघांचीही तिकिटं मंगळवार रात्रीवर किंवा बुधवारवर ढकला. विमान निघून गेल्यावर 'नो शो' लागला की तिकिटाचे पैसे बहुतेक बुडतात. आधी बदललं तर दंड आणि फरक भरून भागतं. नवं तिकीट घ्यायची वेळ आली तर थेट मुंबईचंच घ्या, दोनशे डॉलर वाचतात म्हणून क्वालालंपूर किंवा सिंगापूरमार्गे नको. मधल्या देशात तुम्हाला विमानतळाबाहेर पडायचं नसलं, तरी विमान चुकलं, विमानतळ बदलायचा असला किंवा सामान पुन्हा घ्यायचं असलं तर इमिग्रेशन ओलांडावं लागतं, आणि ईसीवर ते कोणी ओलांडू देत नाही. काही विमान कंपन्या ईसीधारकाला मधल्या थांब्याच्या विमानात बसवूनच घेत नाहीत.

सोमवार: वकिलातीत

वकिलात सुखुमवितच्या २३ नंबरच्या सोईत, म्हणजे गल्लीत आहे. असोक स्टेशनवरून चालत जाता येतं. पटायाहून बँकॉक सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणून रविवारी रात्रीच बँकॉकला मुक्कामाला या. सकाळी दार उघडायच्या आधी रांगेत असलात तर दुपारपर्यंत बरंच काम उरकतं.

सोबत काय न्यायचं: सही केलेला छापील अर्ज, फोटो, पोलीस रिपोर्टची मूळ प्रत, जुन्या पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानांची झेरॉक्स (किंवा हॉटेलकडून मिळालेली प्रिंट), आधार किंवा मतदार ओळखपत्र, हकिकतीचं पत्र, बदललेलं तिकीट आणि बाथमध्ये सुटी रोख रक्कम. सगळ्याचे दोन संच. नवऱ्याचा पासपोर्टही न्या, मुलीच्या अर्जासाठी तो लागणार.

खिडकीपलीकडचा अधिकारी खरं तर एकच गोष्ट तपासत असतो: तुम्ही भारतीय नागरिक आहात का, आणि तुम्ही म्हणता तेच आहात का. पासपोर्टच्या मध्यवर्ती नोंदीत तुमचा क्रमांक टाकला की फोटो आणि तपशील समोर येतो. नाव, जन्मतारीख, चेहरा जुळला की काम सरळ असतं आणि ईसी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळते. क्रमांकच नसेल किंवा नाव जुळत नसेल तर भारतातल्या पासपोर्ट ऑफिसकडून खात्री करून घ्यावी लागते, आणि मग किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना हा त्रास हमखास होतो: पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. अर्जात पासपोर्टवरचंच नाव लिहा आणि लग्नाचा दाखला जोडा.

पासपोर्ट हरवल्याची नोंद झाली की तो क्रमांक रद्द होतो. हे कायमचं असतं. संध्याकाळी हॉटेलने 'पर्स सापडली' म्हणून फोन केला, तरी त्या पासपोर्टवर विमानतळावर जायचं नाही. तो वकिलातीत नेऊन दाखवा आणि ईसीवरच परत या.

ईसी हातात आली की खिडकीवरून हलण्याआधी नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि मुदत तपासा. मुदत थोड्या दिवसांची असते. बदललेल्या विमानाची तारीख त्या मुदतीत बसते ना, तेवढं बघा. मग लगेच तिच्या तीन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो.

दुसरं दार: थाई इमिग्रेशन

इथेच लोक चुकतात. तुमच्या जुन्या पासपोर्टमध्ये थायलंडमध्ये प्रवेश केल्याचा शिक्का होता. नव्या कागदावर तो नाही. थाई अधिकाऱ्याच्या दृष्टीने ही ईसी दाखवणारी बाई देशात कधी आली, कायदेशीर आली की नाही, हे त्या कागदावरून कळत नाही. म्हणून ईसी मिळाल्यावर इमिग्रेशन ब्यूरोमध्ये जाऊन आपल्या प्रवेशाची नोंद नव्या कागदावर चढवून घ्यायची असते.

बँकॉकचं हे ऑफिस चेंग वत्तना भागातल्या सरकारी संकुलात आहे, इमारत 'बी'. सुखुमवितपासून बरंच उत्तरेला, डॉन मुआंग विमानतळाच्या बाजूला. बँकॉकच्या वाहतुकीत तासाभराहून जास्त लागू शकतो. ऑफिस सकाळी साडेआठला उघडतं आणि दुपारी बारा ते एक जेवणाची सुट्टी असते. त्यामुळे मंगळवारी सकाळी साडेआठला तिथे उभं राहणं सगळ्यांत बरं. सोमवारी दुपारी तीन वाजता वकिलातीतून निघून तिकडे धावण्यात फारसा अर्थ नाही.

तिथे ईसी आणि तिची झेरॉक्स, पोलीस रिपोर्ट, जुन्या पासपोर्टची झेरॉक्स, डिजिटल अरायव्हल कार्डची प्रिंट, येतानाचा बोर्डिंग पास असेल तर तो, आणि परतीचं तिकीट द्या. आल्याची तारीख आणि विमान क्रमांक सांगता आला की त्यांना संगणकात नोंद पटकन सापडते. आई आणि मुलगी दोघींनी स्वतः जायचं. नवऱ्याला जायची सक्ती नाही, पण मुलगी सोबत असल्याने तो गेलेला बरा.

इतर देशांत हेच काम वेगळ्या नावाने असतं. मलेशियात इमिग्रेशनकडून स्पेशल पास घ्यावा लागतो. ब्रिटन किंवा अमेरिकेतून निघताना सरकारी इमिग्रेशनचा शिक्का लागत नाही, तिथे विमान कंपनीचा काउंटरच तुमचे कागद बघतो. म्हणून ईसी घेताना खिडकीवर एक प्रश्न विचारायचाच: "इथून बाहेर पडताना इमिग्रेशनकडून वेगळा कागद लागतो का, आणि कुठे मिळतो?" वकिलातीतल्या लोकांना हे रोज सांगावं लागतं, त्यांना उत्तर तयार असतं.

विमानतळ, मग मुंबई

ऑनलाइन चेक-इन होणार नाही, कारण तिकिटात जुना पासपोर्ट क्रमांक आहे. आदल्या दिवशी विमान कंपनीला फोन करून ईसीचा क्रमांक घालून घ्या आणि विमानाच्या चार तास आधी काउंटरवर पोचा. काउंटरवरच्या नव्या मुलीने ईसी कधी पाहिलेलीही नसेल. ती वरिष्ठाला बोलावेल, वीस मिनिटं जातील. कागदांचा संच क्रमाने लावून फाइलमध्ये असला की तेवढ्यावर निभावतं.

मुंबईला उतरल्यावर साध्या काउंटरवर जा. पासपोर्ट कुठे हरवला, कधी, असे चार प्रश्न विचारतात, कधी आत बसवून विचारतात. घाबरायचं नाही. ईसी बहुधा तिथेच ठेवून घेतली जाते, आणि पासपोर्ट ऑफिसात नंतर तिचीच झेरॉक्स मागतात. आधी काढलेल्या तीन झेरॉक्स आणि बोर्डिंग पास म्हणूनच जपायचे.

पुढचं काम घरी. पासपोर्ट सेवा पोर्टलवर 'री-इश्यू', कारण 'हरवला'. ३६ पानी पासपोर्टची हरवल्यास फी ३००० रुपये. 'परिशिष्ट एफ' म्हणजे कसा, कुठे हरवला याचं स्वतःच्या सहीचं प्रतिज्ञापत्र, साध्या कागदावर चालतं. सोबत थायलंडच्या पोलीस रिपोर्टची ती जपून आणलेली दुसरी प्रत, ईसीची झेरॉक्स आणि पत्त्याचा पुरावा. पुण्यातलं पासपोर्ट सेवा केंद्र मुंढव्याला आहे. पोलीस पडताळणी होते, तेव्हा त्या दिवसांत घरी असा.

विम्याचा दावा करायचा असेल तर पॉलिसीतली कळवण्याची मुदत आधी वाचा. पोलिसांत आणि विमा कंपनीला किती तासांत कळवायचं हे त्यात लिहिलेलं असतं, आणि ती मुदत तुमच्या थायलंडमधल्या पहिल्या रात्रीपासून मोजली जाते. वकिलातीची फी, इमिग्रेशनला जाण्यायेण्याचा खर्च, फोटो, वाढीव मुक्काम, सगळ्याच्या पावत्या एका पाकिटात टाका. जुन्या पासपोर्टमध्ये अमेरिकेचा किंवा दुसऱ्या कुठल्या देशाचा चालू व्हिसा असेल तर तो पासपोर्टसोबत गेला असं धरा, त्या देशाच्या वकिलातीला हरवल्याचं कळवा आणि नवा पासपोर्ट हातात आल्यावर व्हिसाचा अर्ज पुन्हा करा.